झेड ड्राइव्ह पुण्याला नेताना

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे कॉम्प्युटर मी गेली नऊ वर्षं सांभाळतो. त्या कारखान्याचा सगळा कारभार एका प्रोग्रामवर चालतो. सूत आलं की नोंद, डाइंगला गेलं की नोंद, गाठ बांधली की चलन, शेवटी बिल. प्रोग्राम व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला आहे, २००४ सालचा. ज्यांनी लिहिला ते गृहस्थ केव्हाच दुसऱ्या धंद्यात गेले आणि सोर्स कोड कुणाकडेच नाही. मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोचा आधार २०१५च्या जानेवारीत पूर्ण थांबवला. प्रोग्राम मात्र थांबलेला नाही. चौदा पीसींवर तो रोज सकाळी उघडतो आणि उघडताना एकच गोष्ट मागतो: `Z:` नावाचा ड्राइव्ह.

हा झेड ड्राइव्ह म्हणजे ऑफिसच्या कोपऱ्यातल्या सर्व्हरवरचं एक शेअर केलेलं फोल्डर. सर्व्हरची खोली वार्पिंगच्या शेडला लागून आहे, त्यामुळे सुताचे तंतू दर महिन्याला पंख्यात जाऊन बसतात. मी ब्लोअर घेऊन जायचो, साफ करायचो. गेल्या एप्रिलमध्ये एकच डेटा ठेवणाऱ्या मिररमधल्या दोन डिस्कपैकी एक गेली. दुसरीही त्याच वयाची. मालक म्हणाले, "आता या खोलीत नवं यंत्र नको. क्लाउडवर टाका काय ते, पण चलन थांबायला नको."

इथून पुढचे तीन महिने मी जे शिकलो ते लिहून ठेवतो आहे, कारण असा झेड ड्राइव्ह असलेले कारखाने आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि माझी पहिली चूक ज्याला त्याला होण्यासारखी आहे.

पहिली चूक अशी की मी जागेचा हिशेब केला. झेड ड्राइव्हवर एकूण ३८ जीबी होते. क्लाउडमध्ये सर्वांत स्वस्त जागा ऑब्जेक्ट स्टोरेजची, म्हणजे फाइली अख्ख्या ठेवायच्या कोठाराची, हे सगळ्यांना माहीत असतं. शिवाय ऑब्जेक्ट स्टोरेज विंडोजमध्ये ड्राइव्ह म्हणून दाखवणारी मोफत साधनं मिळतात. तसं एक बसवलं, `Z:` अक्षर दिलं, रविवारी डेटाची प्रत वर चढवली आणि माझ्या लॅपटॉपवरून प्रोग्राम उघडला. उघडला. चलन काढून बघितलं, निघालं. मला वाटलं, काम झालं.

सोमवारी दोन खात्यांना त्यावर घेतलं, गोदाम आणि डाइंग. सूत गोदामाच्या अण्णांनी सकाळी ५०० किलो पांढऱ्या सुताची आवक टाकली. डाइंगच्या मुलाने १२० किलो रंगीत सुताचा खप टाकला. दोघांच्या ओळी वेगळ्या, सूत वेगळं, पीसीही वेगळे. दुपारी एकला अण्णा प्रोग्राम बंद करून जेवायला गेले. डाइंगवाल्याने दीडला बंद केला. जेवून आल्यावर अण्णांचा फोन आला, "अहो, सकाळची आवक दिसंना की ओ! गाडी रिकामी करून घेतली मी, पाचशे किलो गेलं कुठं?"

सूत गोदामातच होतं. गेली होती ती नोंद. कशी गेली ते शोधायला मला तो दिवस आणि पुढची रात्र लागली. जुन्या सर्व्हरवर डेटा तसाच होता म्हणून दोन खात्यांच्या चार तासांच्या नोंदी परत टाकून निभावलं.

झालं होतं ते असं. सुताचा साठा `STOCK.DBF` नावाच्या एका फाइलमध्ये असतो, ३४० एमबीची. डीबीएफ फाइलची रचना साधी आहे: वर एक मथळा आणि खाली ठरावीक लांबीच्या ओळी, एकीला लागून एक. आमच्या फाइलमधली ओळ २१२ बाइटची. एक नोंद बदलायची तर फॉक्सप्रो फाइलच्या मधोमध जाऊन तेवढे २१२ बाइट लिहितो, बाकीच्याला हात लावत नाही. ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये हे "मधोमध जाऊन लिहिणं" नसतं. तिथे ऑब्जेक्ट अख्खा ठेवायचा किंवा अख्खा बदलायचा. वाचताना मधला तुकडा मागता येतो, लिहिताना येत नाही.

मग ते साधन ड्राइव्ह कसं दाखवत होतं? त्याने पूर्ण फाइल पीसीच्या स्वतःच्या डिस्कवर उतरवून घेतली होती आणि फॉक्सप्रो त्या प्रतीवर लिहीत होता. फाइल बंद झाली की साधन अख्खी ३४० एमबी परत वर चढवायचं. आमच्या २० एमबीपीएस अपलोडला त्यासाठी सव्वादोन मिनिटं लागतात. फॉक्सप्रो टेबल सकाळी उघडतो ते प्रोग्राम बंद होईपर्यंत सोडत नाही. म्हणजे सकाळभर दोघेही आपापल्या प्रतीवर काम करत होते. अण्णांची प्रत एक वाजता वर गेली. दीड वाजता डाइंगची प्रत गेली आणि तिने अण्णांची अख्खी फाइल पुसून आपली ठेवली. त्या प्रतीत अण्णांची आवक कधी आलीच नव्हती.

माझ्या रविवारच्या चाचणीत हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण मी एकटा होतो. म्हणून आता मी कुठल्याही झेड ड्राइव्हची चाचणी दोन पीसींवर, तीच फाइल दोघांनी उघडून, त्याच ओळीवर करतो. एकट्याने केलेली चाचणी इथे काहीच सांगत नाही.

ज्याला हे वेगळेपण एका चित्रात हवं असेल त्याने गोदामातलं रजिस्टर आठवावं. फाइल शेअर म्हणजे टेबलावर ठेवलेलं एकच रजिस्टर. ज्याला लिहायचं तो ती ओळ बोटाने धरतो, लिहितो, सोडतो; दुसरा तेवढ्या वेळेपुरता थांबतो. ऑब्जेक्ट स्टोरेज म्हणजे कपाट. रजिस्टर कपाटातून काढून प्रत करायची, प्रतीत लिहायचं आणि पूर्ण नवी प्रत कपाटात ठेवून जुनी काढायची. कपाट भक्कम असतं, स्वस्त असतं, त्यातलं हरवत नाही. पण ओळ धरून ठेवणारं बोट तिथे नसतं.

हे बोट म्हणजेच लॉक. विंडोजचा फाइल शेअर एसएमबी नावाच्या भाषेत बोलतो आणि त्या भाषेत "या फाइलमधल्या या जागेपासून इतके बाइट माझ्यासाठी अडवून ठेव" असं म्हणायची सोय आहे. सगळे पीसी एकाच सर्व्हरला विचारतात, त्यामुळे कोणी काय अडवलंय हे एकाच ठिकाणी कळतं. फॉक्सप्रोचं बहुवापरकर्ता काम सगळं या एका सोयीवर उभं आहे. जुन्या सर्व्हरवर कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये शेअर्ड फोल्डर्स, त्यात ओपन फाइल्स अशी यादी असते. तिसऱ्या दिवशी मी ती उघडून नीट बघत बसलो. दोनशेच्या वर ओळी, कोणती फाइल, कोणी उघडली, आणि `# Locks` नावाचा एक रकाना. अण्णा नोंद टाकत होते तेव्हा `STOCK.DBF`समोरचा आकडा शून्याचा एक होत होता, नोंद साठवली की पुन्हा शून्य. नऊ वर्षं हा रकाना माझ्या डोळ्यांसमोर होता. स्थलांतराचा विचार करणाऱ्याने आधी ही यादी भर कामाच्या वेळी पाहावी. लॉकचा आकडा हलताना दिसला की ऑब्जेक्ट स्टोरेजचा पर्याय त्या फाइलींपुरता तिथेच संपला.

आणखी एक फरक तेव्हाच लक्षात आला. आमचा प्रोग्राम महिनाअखेर टेबल `PACK` करतो, म्हणजे खोडलेल्या ओळी काढून नवी फाइल बनवतो आणि तिला जुनीचं नाव देतो. फाइल शेअरवर नाव बदलणं क्षणाचं काम. ऑब्जेक्ट स्टोरेजच्या साध्या रूपात नाव बदलणं असतच नाही. नव्या नावाने पूर्ण प्रत करायची आणि जुनी खोडायची. तिथलं फोल्डरसुद्धा नावाचाच एक भाग असतं, खरं फोल्डर नसतं. दहा हजार डिझाइन असलेल्या फोल्डरचं नाव बदलायचं म्हणजे दहा हजार प्रती.

मग व्यवस्थापित फाइल शेअरकडे वळलो. व्यवस्थापित म्हणजे सर्व्हर क्लाउड कंपनीचा, डिस्क त्यांची, विंडोजचे अपडेट त्यांच्याकडे. आपल्याला फक्त `\\` ने सुरू होणारा एक पत्ता मिळतो आणि तो `Z:` म्हणून जोडायचा. इथे निवड करताना भाषा बघावी लागते. अ‍ॅमेझॉनचं ईएफएस एनएफएस बोलतं, ते लिनक्ससाठी. आमच्या कामाचं नाही. गूगलच्या फाइलस्टोअरचंही तेच, तेही एनएफएस. अ‍ॅमेझॉनचं एफएसएक्स फॉर विंडोज एसएमबी बोलतं आणि चांगलं आहे, पण त्याला अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी लागते, म्हणजे सगळ्यांची खाती एका जागी ठेवणारं डोमेन. आमच्याकडे डोमेन नाही, साधा वर्कग्रुप. मायक्रोसॉफ्टचं अ‍ॅझ्युर फाइल्स डोमेनशिवाय, स्टोरेज खात्याच्या किल्लीवर जोडता येतं आणि त्यांचं सेंट्रल इंडिया केंद्र पुण्याला आहे. सोलापूरहून जवळचं तेच. म्हणून ते घेतलं. खात्याची किल्ली म्हणजे सगळ्यांना सगळे अधिकार, हा तिचा तोटा. कोणी काय उघडायचं हे फोल्डरनिहाय ठरवायचं असेल तर डोमेनची वाट धरावीच लागते.

शेअर बनवायला पाच मिनिटं लागली, जोडायला चार दिवस. एसएमबी ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून बोलतं आणि पुष्कळ इंटरनेट कंपन्या ग्राहकांच्या बाजूने हे पोर्ट बंद ठेवतात, कारण व्हायरस पसरायला याचा वापर झालेला आहे, २०१७चा वॉनाक्राय त्यातलाच. तपासायचं असं, `khate`च्या जागी आपल्या स्टोरेज खात्याचं नाव घालून:

```
Test-NetConnection -ComputerName khate.file.core.windows.net -Port 445
```

उत्तराच्या शेवटच्या ओळीत `TcpTestSucceeded : False` आलं की पासवर्ड, किल्ली, विंडोजची आवृत्ती यांच्या मागे लागू नये. दार बंद आहे, एवढाच त्याचा अर्थ. मी एक पूर्ण दिवस किल्ली चुकली असेल म्हणून ती पुन्हा पुन्हा टाकण्यात घालवला, कारण विंडोज `System error 53` दाखवतं आणि त्यावरून नेमकं काही कळत नाही.

इंटरनेट कंपनीने पोर्ट उघडायला नकार दिला, आणि तो योग्यच होता. उपाय म्हणून कारखान्याच्या राउटरपासून पुण्याच्या क्लाउडपर्यंत कायमचा व्हीपीएन टाकला आणि शेअरला खासगी पत्ता दिला. तरीही एका पीसीवरून जोडणी होईना. `nslookup` केल्यावर कळलं की तो पीसी त्याच नावाचा जाहीर पत्ता शोधून काढत होता, म्हणजे व्हीपीएन असूनही बाहेरच्या बंद दाराशीच जात होता. नाव तेच ठेवून पत्ता खासगी मिळाला पाहिजे. त्या पीसीच्या `hosts` फाइलमध्ये एक ओळ टाकल्यावर ड्राइव्ह जोडला गेला.

आता दोन पीसींची चाचणी. एका पीसीवर मी, दुसऱ्यावर डाइंगचा मुलगा, दोघांनी एकच लॉट उघडला. मी बदल करायला घेतला. त्याच्या पडद्यावर आलं: `Record is in use by another user.` तो घाबरून म्हणाला, "सर, एरर आली." मी त्याला सांगितलं की हाच एरर मला हवा होता. पुण्यातला सर्व्हर आमच्या दोघांमध्ये उभा राहून ओळ धरून ठेवत होता. वीस वर्षांपूर्वीच्या प्रोग्रामला सर्व्हर बदललाय याचा पत्ताही नव्हता.

पण लगेच दुसरं दुखणं समोर आलं. चलनाचा फॉर्म उघडायला तेरा सेकंद लागत होते. आधी बोट उचलायच्या आत उघडायचा. आमची लाइन वेगवान आहे, मग हे का? नेटवर्कवरची सगळी विचारणा दाखवणारं वायरशार्क लावून मोजलं. तो एक फॉर्म उघडताना प्रोग्राम शेअरला सुमारे ६०० वेळा काहीतरी विचारतो: ही फाइल आहे का, हिचा मथळा दे, इंडेक्सचं, म्हणजे ओळी शोधायच्या सूचीचं, हे पान दे, पुढचं पान दे. आणि एकाचं उत्तर आल्याशिवाय दुसरं विचारत नाही. ऑफिसच्या स्विचवर एका फेरीला अर्धा मिलिसेकंद. सहाशे फेऱ्यांना ०.३ सेकंद. सोलापूर ते पुणे व्हीपीएनमधून फेरी २२ मिलिसेकंदांची; सहाशेला १३.२ सेकंद. आकडे बरोबर जुळले. साठ्याचा अहवाल सहा सेकंदांत निघायचा तो साडेचार मिनिटांवर गेला होता.

हे समजल्यावर जास्त एमबीपीएसचा प्लॅन घ्यायचा विचार मी सोडून दिला. रस्ता रुंद केला म्हणून सोलापूर पुण्याच्या जवळ येत नाही. असे प्रोग्राम भरपूर बोलके असतात आणि त्यांना लांबचा शेअर झेपत नाही, मग तो कितीही महागडा असो. फाइली जिथे जातील तिथे प्रोग्रामलाही न्यावं लागतं.

मग प्रोग्राम पुण्याला नेला. त्याच केंद्रात विंडोज सर्व्हरची दोन आभासी यंत्रं घेतली, दोन्हींवर झेड ड्राइव्ह जोडला आणि कारखान्यातले चौदाही जण रिमोट डेस्कटॉपने तिथे काम करू लागले. त्यासाठी रिमोट डेस्कटॉपची वेगळी लायसन्स घ्यावी लागतात, ती बजेटमध्ये आधीच धरावीत. सुरुवातीचे १२० दिवस ती न मागता चालतं आणि मग एका सकाळी कोणालाच आत जाता येत नाही. आता शेअरची फेरी दोन मिलिसेकंदांच्या आसपास असते. चलनाचा फॉर्म सव्वा सेकंदात उघडतो, साठ्याचा अहवाल पंचवीस सेकंदांत येतो. पूर्वीपेक्षा हळू आहे, हे मी मालकांना स्पष्ट सांगितलं. हिशेबाच्या ताईंनी पहिल्या आठवड्यात तक्रार केली, नंतर नाही.

इथे कोणी विचारेल की प्रोग्राम क्लाउडमधल्या यंत्रावरच चालतो तर फाइली त्याच यंत्राच्या डिस्कवर का नाहीत. एकच यंत्र असतं तर ठेवता आल्या असत्या, आणि वेगही जास्त मिळाला असता. आम्हाला दोन यंत्रं हवी होती, एक अपडेटसाठी बंद असताना दुसरं चालावं म्हणून. शिवाय गेटवरच्या वजनकाट्याचा पीसी थेट झेड ड्राइव्हवर लिहितो. तीन ठिकाणांहून एकाच फाइली लागतात, म्हणजे शेअर आलाच.

या मांडणीचा एक फायदा मी ठरवून मिळवला नव्हता, पण तो सर्वांत मोठा निघाला. पूर्वी दुपारी लाइट गेली आणि एखाद्या पीसीचा यूपीएस दमला की तो पीसी लिहिता लिहिता बंद पडायचा आणि इंडेक्स बिघडायचा: `Index does not match the table.` मग सगळ्यांना बाहेर काढून रीइंडेक्स. आता लाइट गेली तर फक्त पडदा जातो. प्रोग्राम पुण्यात उघडाच असतो, लाइट आल्यावर माणूस पुन्हा शिरतो आणि अर्धवट टाकलेलं चलन जिथे होतं तिथेच सापडतं.

वजनकाट्याने मात्र आठवडाभर छळलं. काट्याचा प्रोग्राम गाठीचं वजन `WT.TXT` नावाच्या छोट्या फाइलमध्ये टाकतो. चलनाचा प्रोग्राम ती फाइल आली का हे सारखं बघत राहतो, आली की वजन उचलतो आणि फाइल खोडतो. जुन्या सर्व्हरच्या काळात दोन्ही प्रोग्राम शेजारी होते. आता वजन यायला कधी दोन सेकंद, कधी आठ. हमाल गाठ काट्यावरून उतरवायचे आणि वजन कोरंच. गुन्हेगार विंडोजची स्मरणशक्ती होती. शेअरवर एखादी फाइल नाही हे एकदा कळलं की विंडोज ते उत्तर पाच सेकंद आणि फोल्डरमधली यादी दहा सेकंद लक्षात ठेवतं, पुन्हा सर्व्हरला विचारत नाही. साध्या ऑफिसला हे चांगलं. फाइलची वाट बघत बसलेल्या जुन्या प्रोग्रामला घातक. दोन्ही यंत्रांवर ही स्मरणशक्ती शून्य केली:

```
Set-SmbClientConfiguration -DirectoryCacheLifetime 0 `
  -FileInfoCacheLifetime 0 -FileNotFoundCacheLifetime 0
```

त्यानंतर वजन लगेच येऊ लागलं. थोड्या फेऱ्या वाढल्या, पण शेअर जवळ असल्याने ते झेपलं. ही सेटिंग फॉक्सप्रो, क्लिपर, जुना अ‍ॅक्सेस अशा कुठल्याही फाइलवर चालणाऱ्या प्रोग्रामसाठी आधीच करून ठेवावी.

छपाईचंही थोडं सांगतो. आमची चलनं छापील कागदावर डॉट मॅट्रिक्सने निघतात. रिमोट डेस्कटॉप स्वतःचा सर्वसाधारण ड्रायव्हर वापरतो, तो अक्षरं चित्र म्हणून पाठवतो, आणि एक चलन दीड मिनिट घरघरत राहिलं. ग्रुप पॉलिसीत तो ड्रायव्हर आधी वापरायची सूचना बंद करून प्रिंटरचा मूळ ड्रायव्हर यंत्रांवर टाकला, प्रश्न सुटला.

प्रत्यक्ष डेटा हलवायला एक रविवार पुरला. शनिवारी रात्री जुन्या सर्व्हरवरचा शेअर बंद केला, ओपन फाइल्सची यादी कोरी असल्याची खात्री केली आणि `robocopy` लावलं. एखादी फाइल उघडी राहिली तर तिची प्रत होत नाही किंवा अर्धी होते, म्हणून ती कोरी यादी महत्त्वाची. सकाळी प्रत्येक टेबलातल्या ओळींची संख्या दोन्हीकडे मोजून ताडली आणि मगच सगळे इंडेक्स नव्याने बांधले.

किंमतीच्या बाबतीत एक गोष्ट बिल बघूनच कळते. अ‍ॅझ्युर फाइल्सच्या साध्या, वापराप्रमाणे पैसे द्यायच्या प्रकारात जागेचे पैसे कमी असतात, पण प्रत्येक वाचण्या-लिहिण्याचे वेगळे लागतात. एका फॉर्मला सहाशे फेऱ्या करणाऱ्या प्रोग्रामला तो प्रकार स्वस्त दिसतो आणि महाग पडतो. आम्ही एसएसडीवरचा प्रीमियम प्रकार घेतला. त्यात आपण राखून ठेवलेल्या जागेचे पैसे द्यायचे, वापर किती झाला ते मोजत नाहीत. आम्ही घेतला तेव्हा किमान १०० जीबी घ्यावे लागत होते आणि आमच्या चालू टेबलांना तर चार जीबीही लागत नाहीत. तरी महिन्याचा आकडा ठरलेला राहतो, आणि मालकांना तेच हवं होतं.

आणि ऑब्जेक्ट स्टोरेज? ते आम्ही वापरतोच, फक्त त्याच्या जागी. ३८ जीबीपैकी चौतीसच्या आसपास जागा डिझाइनच्या स्कॅनची आणि जुन्या बिलांच्या पीडीएफची होती. एकदा लिहिलं की त्यात कोणी काही बदलत नाही. चालू ऑर्डरची डिझाइनं झेडवर ठेवली, कारण प्रोग्राम ती `Z:\DESIGN` मध्येच शोधतो. संपलेल्या ऑर्डरची सगळी ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये गेली. रोज रात्री सगळे बाहेर पडल्यावर टेबलांची एक झिप बनते, तीही तिथेच जाते आणि जुन्या आवृत्त्या ठेवायची सोय चालू आहे. अख्खी फाइल ठेवायची, अख्खी परत घ्यायची, या कामाला त्याच्याइतकं चांगलं काही नाही.

दिवसा मात्र शेअरचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणी शेअर जसा होता तशा प्रती, उपयोगी पडतात. मी ते जेवणाच्या सुट्टीत, एक चाळीसला घेतो, तेव्हा बहुतेक जण प्रोग्राम बंद करून उठलेले असतात. नोंद चालू असताना घेतलेल्या स्नॅपशॉटमध्ये टेबल आणि इंडेक्स एकमेकांशी जुळतीलच असं नसतं. ऑगस्टमध्ये एका नव्या मुलाने दुपारी तीन वाजता चुकून वर्षअखेरीचं बटण दाबलं आणि सुताची उघडती शिल्लक शून्य झाली. सगळ्यांना बाहेर काढलं, झेडच्या फोल्डरवर उजवं क्लिक, प्रीव्हियस व्हर्जन्स, एक चाळीसची प्रत, रीस्टोअर. वीस मिनिटांत कारखाना पुन्हा चालू. त्या मधल्या नोंदी कागदावरच्या चलनांवरून परत टाकल्या, अठरा होत्या.

जुना सर्व्हर अजून त्याच खोलीत आहे, बंद करून प्लास्टिकने झाकलेला. सध्या माझं लक्ष दुसऱ्याच एका आकड्यावर आहे. पुण्यातल्या शेअरमध्ये वाटेल तेवढी जागा वाढवता येते, पण फॉक्सप्रोची एक टेबल फाइल २ जीबीच्या पुढे जात नाही, ती कुठेही ठेवली तरी. आमचं `LEDGER.DBF` १.६ जीबीवर आलंय आणि वर्षाला साधारण १५० एमबीने वाढतं. येत्या मार्चअखेर जुन्या वर्षांच्या ओळी वेगळ्या टेबलात काढायच्या आहेत. सोर्स कोड नाही, त्यामुळे जुनं खातं बघायचं झालं तर ताईंना दुसऱ्या फोल्डरमधून प्रोग्राम उघडावा लागेल. तशी एक चाचणी प्रत मी गेल्या रविवारी लावून दिली आहे. दोन पीसींवर, दोघींनी एकच खातं उघडून बघितलं.